टाइमशीटमधले दशांश तास तास-मिनिटांत आणताना बेरीज का जुळत नाही

महिनाअखेरीला पगाराचं काम करणाऱ्या जवळपास प्रत्येकाकडे ही तक्रार येते. हजेरीच्या सॉफ्टवेअरमधून एक्सेल फाइल येते आणि त्यात तास ८.३३, ८.५८ असे दशांशात असतात. पगारपत्रकावर मात्र तास-मिनिटं हवी असतात. कोणीतरी फॉर्म्युला लावतो, दोन-चार ओळी ताडून बघतो, बरोबर वाटतं. मग एखादा कामगार स्लिप घेऊन येतो: "साहेब, रोजचे तास मी मिळवले तर ४८ तास ९ मिनिटं येतात. खाली तुम्ही ४८ तास १३ मिनिटं लिहिलंय. खरं कुठलं?"

यातलं एकही खरं नसतं. तो माणूस ४८ तास १५ मिनिटं कामावर होता.

हा आकडा उदाहरणासाठी घेतला आहे, पण तो कुठून आला हे एकदा नीट पाहिलं की पुढच्या महिन्यात तीच तक्रार पुन्हा येणार नाही. म्हणून एकाच कामगाराचा एकच आठवडा घेऊ. पंचिंग मशीनने पूर्ण मिनिटांत वेळ धरली आणि सॉफ्टवेअरने ती दशांशात करून दोन स्थळांपर्यंत दिली:

| वार | प्रत्यक्ष वेळ | फाइलमधला आकडा |
|---|---|---|
| सोम | ८:२० | ८.३३ |
| मंगळ | ८:५० | ८.८३ |
| बुध | ८:३५ | ८.५८ |
| गुरू | ८:३५ | ८.५८ |
| शुक्र | ८:२० | ८.३३ |
| शनि | ५:३५ | ५.५८ |
| एकूण | ४८:१५ | ४८.२३ |

आपल्या हातात फक्त तिसरा रकाना असतो. मधला रकाना मशीनच्या पोटात राहतो.

आता या ४८.२३ चं काय काय होऊ शकतं ते बघा. ज्याला दशांश तासांची सवय नाही तो ते ४८ तास २३ मिनिटं असं वाचतो. ही चूक सगळ्यांत मोठी असली तरी सगळ्यांत सोपी, कारण कोणीतरी लगेच बोट ठेवतं. दुसरा माणूस आकड्याला २४ ने भागतो, कारण एक्सेल वेळ म्हणजे दिवसाचा अपूर्णांक मानतं, आणि सेलला `h:mm` फॉरमॅट देतो. त्याला दिसतं ०:१३. हा फॉरमॅट २४ तासांनंतर घड्याळासारखा शून्यावर येतो, आणि ४८ तास म्हणजे बरोबर दोन दिवस. तास गेलेले पाहून तो घाबरतो, शोधाशोध करून `[h]:mm` लावतो, म्हणजे चौकटी कंसातला h, आणि आता ४८:१३ दिसतं. तिसरा माणूस फॉर्म्युल्याने तास आणि मिनिटं वेगळी काढून जोडतो, त्याला ४८:१४ मिळतं. खरं उत्तर ४८:१५. एकाच फाइलमधून तीन जणांनी तीन उत्तरं काढली आणि तिघांचेही फॉर्म्युले वरवर बघता ठीकच आहेत.

इथे दोन वेगळ्या गळती एकमेकींत मिसळल्या आहेत, म्हणून आधी त्या सुट्या करू.

पहिली गळती फाइल तयार होतानाच झालेली असते. २० मिनिटं म्हणजे तासाचे ०.३३३३… आणि हे तीन संपतच नाहीत. दोन स्थळांपर्यंत गोल केले की ०.३३ उरतात, म्हणजे १९ मिनिटं ४८ सेकंद. बारा सेकंद गेले. ४० मिनिटं ०.६६६६… म्हणून ०.६७ होतात, तिथे बारा सेकंद जास्त आले. १५, ३०, ४५ मिनिटांना काहीच होत नाही. याचा नियम फार सरळ आहे: मिनिटांना तीनने पूर्ण भाग जात असेल तर दशांश अचूक बसतो, बाकी एक उरली तर बारा सेकंद वाढतात, बाकी दोन उरली तर बारा सेकंद कमी होतात. याहून मोठी चूक होऊच शकत नाही.

बारा सेकंद म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. शिवाय कधी अधिक, कधी उणे, महिन्याभरात फिटून जाईल असंही कोणी म्हणेल. पण शिफ्टमध्ये ते फिटत नाही. माणसं रोज ठरावीक वेळेला येतात-जातात, जेवणाची सुट्टी सॉफ्टवेअर रोज सारखीच वजा करतं, आणि मग तीच तीच मिनिटं परत परत येतात. आपल्या तक्त्यात २०, ५०, ३५, ३५, २०, ३५ आहेत. सहाही आकड्यांना तीनने भागल्यावर बाकी दोनच उरते, म्हणून सहाही दिवस बारा-बारा सेकंद कमी झाले आणि आठवड्याला ७२ सेकंद गळाले. रोज ८:२० भरणारा माणूस महिन्यात २२ दिवस आला तर खरे १८३ तास २० मिनिटं होतात. फाइलमधली बेरीज १८३.२६ येते, म्हणजे १८३ तास १५ मिनिटं ३६ सेकंद. चार मिनिटं चोवीस सेकंद गायब, आणि कोणत्याही एका ओळीत ते सापडणार नाहीत.

दुसरी गळती एक्सेल दाखवताना करतं. `[h]:mm` हा फॉरमॅट सेकंद गोल करत नाही, नुसते लपवतो. सेलमध्ये ८ तास १९ मिनिटं ४८ सेकंद असतील तर तो ८:२० न दाखवता ८:१९ दाखवतो. म्हणून सोमवार ८:१९, मंगळवार ८:४९, शनिवार ५:३४ असे सगळे दिवस एकेक मिनिट कमी दिसतात. कामगाराने हे दिसणारे आकडे मिळवले, त्याला ४८:०९ आले. खालच्या बेरजेत मात्र एक्सेलने लपलेले सेकंदही धरले, म्हणून ४८:१३. दोघांचीही बेरीज आपापल्या जागी बरोबर आहे, फक्त दोघं वेगवेगळे आकडे मिळवत होते.

फॉर्म्युल्याला हात लावण्याआधी एक गोष्ट तपासा. ८.३३ असलेल्या सेलवर क्लिक करून वर फॉर्म्युला बारमध्ये काय आहे ते बघा. तिथे ८.३३३३३३३३ अशी लांबलचक संख्या असेल तर तुमचं नशीब चांगलं. फाइलमध्ये पूर्ण किंमत आहे, फक्त दोन स्थळं दाखवली जात आहेत, म्हणजे पहिली गळती झालेलीच नाही. बारमध्येही ८.३३ च असेल, आणि सीएसव्ही फाइलमध्ये बहुधा असंच असतं, तर बारा सेकंद खरोखर गेलेले आहेत.

ते परत मिळवता येतात, आणि या सगळ्या भानगडीतली कामाची गोष्ट हीच आहे. एका ओळीतली चूक जास्तीत जास्त बारा सेकंद, आणि मिनिटाला पूर्ण करायला अर्ध्या मिनिटाची, म्हणजे तीस सेकंदांची मोकळीक आहे. ८.३३ गुणिले ६० म्हणजे ४९९.८. जवळची पूर्ण संख्या ५००. मशीनने धरलेली मिनिटं ५०० च होती. ८.५८ गुणिले ६० म्हणजे ५१४.८, म्हणून ५१५. वेळ मुळात पूर्ण मिनिटांत धरलेली असेल, तर दोन स्थळांच्या दशांशातून प्रत्येक ओळीची मूळ मिनिटं बिनचूक परत येतात. अंदाजे वगैरे नाही, अगदी तीच.

पण हे ओळीलाच लागू आहे, बेरजेला नाही. बेरजेत सहा ओळींचे बारा-बारा सेकंद साठून ७२ झाले की ते तीस सेकंदांच्या मोकळिकीबाहेर जातात आणि गोल करूनही मूळ मिनिट हाती लागत नाही. ४८.२३ गुणिले ६० म्हणजे २८९३.८, गोल करून २८९४, म्हणजे ४८:१४. तिसऱ्या माणसाचं उत्तर इथून आलं. त्याने गोल केलं हे बरोबरच होतं, फक्त बेरीज करून झाल्यावर केलं.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी प्रत्येक ओळ मिनिटांत आणायची, गोल करायची, आणि मगच बेरीज. दशांश तास B रकान्यात दुसऱ्या ओळीपासून आहेत असं धरू. C रकान्यात:

```
=ROUND(B2*60,0)
```

हे खाली ओढलं की आपल्या तक्त्यात ५००, ५३०, ५१५, ५१५, ५००, ३३५ येतात. सगळ्या पूर्ण संख्या. C8 मध्ये त्यांची साधी बेरीज:

```
=SUM(C2:C7)
```

उत्तर २८९५. आता हे तास-मिनिटांत दाखवण्यासाठी D रकाना:

```
=C2/1440
```

१४४० म्हणजे दिवसाची मिनिटं. D2 पासून D8 पर्यंत सगळ्या सेलना Ctrl+1 दाबून, Custom मध्ये जाऊन `[h]:mm` द्या. लिब्रेऑफिसमध्ये हाच फॉरमॅट `[HH]:MM` असा लिहा, गूगल शीट्समध्ये `[h]:mm` चालतो. आता ओळींत ८:२०, ८:५०, ८:३५ आणि खाली ४८:१५ दिसेल. कामगाराने कॅल्क्युलेटर काढून ओळी मिळवल्या तरी त्याला ४८:१५ च मिळतील, कारण लपायला सेकंदच उरलेले नाहीत.

C रकाना ठेवायलाच हवा. पुष्कळ जण तो मधला रकाना नको म्हणून सगळं एका फॉर्म्युल्यात कोंबतात आणि पुढच्या महिन्यात परत अडकतात. यापुढचे सगळे हिशेब, म्हणजे ओव्हरटाइम, कमी भरलेले तास, विभागवार पिव्होट टेबल, C वरच करा. D फक्त डोळ्यांसाठी. ४८ तासांच्या वर किती, हे बघायला `=C8-2880` पुरे. उत्तर १५, आणि ते पूर्ण मिनिटांत आहे. ओव्हरटाइमची रक्कमही इथूनच काढा: तासाचा साधा दर ८० रुपये आणि ओव्हरटाइम दुप्पट धरला, तर १५ भागिले ६० गुणिले १६०, म्हणजे ४० रुपये. कोणी ४८.२३ मधले ०.२३ थेट दराने गुणले तर ३६ रुपये ८० पैसे होतात. तीन रुपयांसाठी कोणी भांडत नाही, असं ऑफिसात बसून वाटतं. कंत्राटदाराच्या मस्टरवर दोनशे माणसं असली आणि प्रत्येकाच्या स्लिपवर तेवढाच फरक दिसला की मग सुपरवायझरला उत्तर देत बसावं लागतं.

आता जे फॉर्म्युले हातोहात फिरतात, त्यांत काय बिघडतं ते सांगतो, कारण तुमच्या फाइलमध्ये यातला एखादा नक्की असेल.

सगळ्यांत जास्त दिसतो तो हा:

```
=INT(B2)&":"&TEXT((B2-INT(B2))*60,"00")
```

तास वेगळे, उरलेल्या अपूर्णांकाची मिनिटं वेगळी. ओळींवर हा चांगला चालतो, ८.३३ चे ८:२० देतो, कारण TEXT आतल्या आत गोल करतं. म्हणूनच तो फसवा आहे. एक तर त्याचं उत्तर मजकूर असतं, त्यावर SUM लावलं की शून्य येतं, आणि मग माणूस नाइलाजाने दशांश रकान्याचीच बेरीज करतो आणि परत ४८:१४ वर येतो. दुसरं म्हणजे मिनिटं गोल होऊन साठ झाली तर हातचा तासात जात नाही. दोन स्थळांच्या आकड्यांत हे कधीच दिसत नाही, कारण ०.९९ तासाची मिनिटं ५९.४ होतात आणि ५९ वरच थांबतात. पण कोणी त्याच फॉर्म्युल्याने सरासरी काढायला घेतली आणि ८.९९ व ९.०० ची सरासरी ८.९९५ आली, की समोर ८:६० उभं राहतं. वर्षभर नीट चाललेली शीट अशी एक दिवस अचानक बिघडते आणि कोणालाच कारण कळत नाही.

यावर उपाय म्हणून TEXT च्या जागी INT लावणारे आहेत, म्हणजे साठ कधीच होणार नाहीत. त्यांचं दुसरीकडे फाटतं. ८.३३ मधली १९.८ मिनिटं INT ने १९ होतात. आणि नेमका ८.१ सारखा साधा आकडाही बिघडतो: ८.१ तास म्हणजे ८ तास ६ मिनिटं, पण संगणक ८.१ ही संख्या द्विमानात अचूक साठवू शकत नाही, त्यामुळे (८.१ − ८) × ६० चं उत्तर त्याच्याकडे ५.९९९९९९९९९९९९९८ असं असतं. सेलमध्ये ते ६ दिसतं, INT मात्र त्याचे ५ करतं आणि तुम्हाला ८:०५ मिळतं. ROUND ला असल्या दाण्याएवढ्या फरकाचं काही वाटत नाही, म्हणून वर तेच घेतलं आहे.

एक मिनिट सतत कमी पडतंय म्हणून ROUNDUP लावायचा मोह होतो. आपल्या तक्त्यावर तो योगायोगाने बरोबर उत्तरं देईल, कारण तिथे सगळ्याच चुका उणे बाजूच्या आहेत. पण ज्या दिवशी कोणी ८:४० भरेल त्या दिवशी फाइलमध्ये ८.६७ असेल, त्याची मिनिटं ५२०.२ होतील आणि ROUNDUP त्याला ५२१ करेल. मग कंपनी तक्रार करेल.

TIME फंक्शनही इथे कामाचं नाही. `=TIME(8.33,0,0)` लिहिलं की ते ८.३३ मधला अपूर्णांक टाकून देतं आणि ८:०० देतं. बेरजेसाठी `=TIME(48,15,0)` लिहिलं तर दोन दिवस गाळून ०:१५ देतं.

छापायच्या स्लिपवर मजकूरच हवा असेल, म्हणजे पत्रात किंवा मेल मर्जमध्ये टाकायला, तर तो दशांश तासांवरून न बनवता C रकान्यावरून बनवा. आणि तास कमी भरले असतील तर काय, याचा विचार आधीच करा. समजा कोणी ४७ तास ५० मिनिटं भरले, तर `=C8-2880` चं उत्तर −१० येतं. ते १४४० ने भागून वेळ म्हणून दाखवायला गेलात तर एक्सेल नेहमीच्या सेटिंगमध्ये उणे वेळ दाखवत नाही, सेल ##### ने भरून टाकतं. (गूगल शीट्स दाखवतं, म्हणून फाइल तिकडून इकडे आली की हा घोळ नव्याने सुरू होतो.) INT आणि MOD ने मजकूर बनवला तर आणखीच मजा: −१० भागिले ६० चा INT उणे एक येतो, MOD पन्नास येतो, आणि दहा मिनिटांची तूट −१:५० अशी छापली जाते. म्हणून फरक E8 मध्ये असेल तर चिन्ह आधी बाजूला काढा:

```
=IF(E8<0,"-","")&INT(ABS(E8)/60)&":"&TEXT(MOD(ABS(E8),60),"00")
```

आता −०:१० येईल. एक्सेलच्या पर्यायांत १९०४ ची तारीखपद्धत निवडली की उणे वेळ दिसते, असा सल्ला कोणी देईल. तो ऐकू नका. त्या फाइलमध्ये आधीपासून असलेल्या सगळ्या तारखा त्यामुळे चार वर्षांनी सरकतात आणि हजेरीच्या फाइलमध्ये तारखा असतातच.

इथवर सगळं एका गृहीतकावर उभं आहे: मूळ वेळ पूर्ण मिनिटांत धरलेली होती आणि आकडा खरोखर दशांश तासांचा आहे. हे तपासायची एक सोपी खूण आहे, ती फारशी कोणी वापरत नाही. पूर्ण मिनिटांचा दशांश केला की दुसऱ्या स्थळावर काही ठरावीक अंकच येऊ शकतात: ०, २, ३, ५, ७ आणि ८. एक मिनिट ०.०२, दोन मिनिटं ०.०३, तीन ०.०५, चार ०.०७, पाच ०.०८, सहा ०.१०, आणि पुढे हेच चक्र. १, ४, ६, ९ येतच नाहीत. तुमचा महिन्याचा रकाना वरपासून खाली डोळ्यांखालून घाला. त्यात १ किंवा ६ दिसत असतील आणि २ किंवा ७ कुठेच नसतील, तर सॉफ्टवेअर आकडे गोल न करता नुसतं कापतंय: ४० मिनिटांचे ०.६७ न करता ०.६६ करतंय. घाबरायचं कारण नाही. कापल्याने जास्तीत जास्त २४ सेकंद जातात, तेही तीस सेकंदांच्या आतच आहेत, आणि वरचा ROUND तरीही मूळ मिनिटं बरोबर देतो.

४ आणि ९ दिसले तर मात्र थांबा. मग एक तर मशीन सेकंद धरतंय, किंवा ती ओळ म्हणजे आधीच केलेली कुठलीतरी बेरीज आहे, किंवा तो आकडा दशांश तासांचा नाहीच. बेरजेचा प्रकार प्रोजेक्टवार टाइमशीटमध्ये होतो. एका दिवसात चार कामांचे चार आकडे, प्रत्येक वेगळा गोल केलेला, आणि तुम्हाला फक्त दिवसाची बेरीज दिलेली. अशा वेळी चार नोंदींच्या सुट्या ओळी मागून घ्या आणि ROUND त्या ओळींवर लावा.

आकडा दशांश नसण्याचा प्रकार साइटवरून हाताने भरून आलेल्या शीटमध्ये असतो. सुपरवायझर ८ तास २० मिनिटं काम झालं की सरळ ८.२० लिहून मोकळा होतो. त्याच्यासाठी तो बिंदू म्हणजे तास आणि मिनिटांमधली रेघ. या आकड्याला ६० ने गुणलं की ४९२ मिनिटं, म्हणजे ८:१२, आणि माणसाचे आठ मिनिटं गेले. अंकांची खूण इथे कधी कधी चकवते, कारण सुपरवायझर पाच-पाच मिनिटांच्या टप्प्यात लिहीत असेल तर शेवटी फक्त ० आणि ५ च दिसतील. मग दुसरी खूण बघा: अख्ख्या महिन्यात बिंदूनंतरचा एकही आकडा ५९ च्या वर जात नाही का? खऱ्या दशांश तासांत .६७, .७५, .८३, .९२ यायलाच हवेत. ते कुठेच नसतील तर तो मिनिटांचा रकाना आहे, आणि फॉर्म्युला वेगळा लागतो:

```
=INT(B2)*60+ROUND((B2-INT(B2))*100,0)
```

दोन्ही प्रकार एकाच रकान्यात मिसळलेले असतील, म्हणजे ऑफिसची ओळ मशीनची आणि साइटची ओळ हाताची, तर कुठलाही फॉर्म्युला वाचवू शकत नाही. साइटच्या शीटमध्ये तास आणि मिनिटं दोन वेगळ्या रकान्यांत भरायला लावा, त्याला दुसरा इलाज नाही.

सगळं लावून झालं की एक पडताळणीचा रकाना टाका, F2 पासून:

```
=ROUND(C2/60,2)-B2
```

आपण काढलेल्या मिनिटांचा परत दशांश केला तर मूळ आकडा यायला हवा, म्हणून सगळीकडे शून्य दिसलं पाहिजे. काही ओळींत ०.०१ दिसले आणि बाकी शून्य, तर तो आकडे कापण्याचा प्रकार, चालवून घ्या. उणे ०.०१ दिसला तर वरच्या ४ आणि ९ वाल्या शंका घेऊन ती ओळ हाताने बघा.

शिवाय सॉफ्टवेअरच्या अहवालात स्वतःचा एकूण रकाना असेल तर तोही बघून ठेवा. चांगलं सॉफ्टवेअर एकूण तास मूळ मिनिटांवरून काढतं, म्हणून आपल्या कामगारासाठी तिथे ४८.२५ छापलेलं असेल, आणि वरच्या ओळींची बेरीज मात्र ४८.२३ येईल. असा फरक दिसला की कोणीतरी तो "दुरुस्त" करायला जातं, आणि एकूण रकान्यावर SUM टाकून ४८.२३ करून ठेवतं. तसं करू नका. ४८.२५ गुणिले ६० बरोबर २८९५ होतात, आणि तुमच्या C8 शी ते जुळलं तर शीट बरोबर आहे याची तीच खात्री.

एक स्थळ दशांश असलेल्या फाइलचं मात्र काही करता येत नाही. ८.३ म्हणजे सहा मिनिटांचा टप्पा. ८:१५ पासून ८:२० पर्यंत सगळं त्यात मावतं, आणि त्यातलं खरं कुठलं हे त्या आकड्यात उरलेलंच नाही. अशी फाइल आली तर ती परत पाठवून अहवालाच्या सेटिंगमध्ये मिनिटं किंवा दोन स्थळं निवडायला सांगा. तो पर्याय नसेल तर रोजच्या येण्याच्या आणि जाण्याच्या पंचच्या वेळा मागवा आणि हिशेब तिथून सुरू करा.